सोसायटीची महिन्याची सूचना: अक्षर मोठं करण्याआधी पान अरुंद करा

प्रश्न: नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ आमची ४८ फ्लॅटची सोसायटी आहे. मी नवीनच सेक्रेटरी झालोय. दर महिन्याची सूचना वर्डमध्ये ए-फोर पानावर टाइप करतो, प्रिंट काढून सही-शिक्का मारतो, मोबाइलने स्कॅन करून पीडीएफ ग्रुपवर टाकतो. निम्मे लोक म्हणतात वाचता येत नाही, उरलेले फोन करून तेच विचारतात. एकाच पानात, झूम न करता वाचता येईल अशी सूचना कशी बनवायची?

उत्तर:

मी नाशिकरोडला वीस वर्षं डीटीपीचं काम करते आणि इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीची सूचनाही गेली सहा वर्षं माझ्याच गळ्यात आहे. त्यामुळे तुमचा त्रास मला नीट माहीत आहे. तुमचं अक्षर लहान नाहीये, तुमचं पान रुंद आहे. आधी तेवढं बदला.

हिशेब साधा आहे. ए-फोर पानाची रुंदी २१० मिलिमीटर. साडेसहा इंची मोबाइल उभा धरला की पडद्याची रुंदी भरते साधारण ६८ मिलिमीटर. पीडीएफ उघडली की सगळं पान त्या रुंदीत बसवलं जातं, म्हणजे प्रत्येक गोष्ट जवळजवळ एक तृतीयांश होते. तुम्ही १२ पॉइंटात टाइप केलेलं अक्षर लोकांच्या हातात ४ पॉइंटाचं होऊन पडतं. औषधाच्या पट्टीमागचा मजकूर असतो ना, त्या जातीचं. त्यात वर्डचा नेहमीचा समास दोन्ही बाजूंना अडीच-अडीच सेंटिमीटर, म्हणजे पाव पडदा नुसता कोरा. वाचणारा दोन बोटांनी मोठं करतो, मग ओळ पडद्याबाहेर जाते, मग डावीकडून उजवीकडे ढकलत बसतो. तिसऱ्या ओळीला कंटाळतो आणि तुम्हाला फोन लावतो.

मोबाइलच्या सेटिंगमध्ये अक्षर मोठं केलेलं असलं तरी इथे काही फरक पडत नाही, हेही लक्षात असू द्या. ते सेटिंग मेसेजच्या अक्षराला लागू होतं. पीडीएफमधलं अक्षर पानाला जखडलेलं असतं, ते जागचं हलत नाही.

म्हणून पान १०.५ सेंटिमीटर रुंद आणि २१ सेंटिमीटर उंच घ्या. वर्डमध्ये `Layout → Size → More Paper Sizes` इथे हे दोन आकडे टाका. लिबरऑफिस वापरत असाल तर `Format → Page Style → Page`. समास चारही बाजूंना ७ मिलिमीटर पुरे. हे पान मोबाइलवर साधारण दोन तृतीयांश होतं, त्यामुळे १६ पॉइंटाचं अक्षर तिथे साडेदहा पॉइंटाच्या आसपास दिसतं. चष्मा लावून आरामात वाचता येतं. २१ सेंटिमीटर उंची त्याच मापाने साडेतेरा सेंटिमीटर होते, म्हणजे जेमतेम एक पडदा. मजकूर थोडा उतू गेलाच तर अक्षर कमी करू नका, पानाची उंची २३ किंवा २४ करा. अंगठ्याने थोडं वर सरकवायला कुणाची हरकत नसते, आडवं सरकवायला असते.

कुणी म्हणेल, ए-फोरवरच ३२ पॉइंटात टाइप केलं तर? गणिताने तेच होतं, खरं आहे. पण ए-फोरचं मोठं पान समोर असलं की माणसाचा हात सैल सुटतो. ‘अजून दोन ओळी बसतील’ म्हणत अक्षर ३२ वरून २४, २४ वरून १८ होतं. अरुंद पानावर ही सोयच नसते.

नोटीस बोर्डावर लावायला हीच फाइल ए-फोरवर `Fit` करून छापा. पान उंचीला बसतं, दोन्ही बाजूंना थोडी कोरी जागा राहते आणि अक्षर वाढून २२ पॉइंटाच्या आसपास येतं. लिफ्टची वाट बघत उभ्या असलेल्या माणसाला ते हातभर अंतरावरून दिसतं. दोन वेगळ्या फाइली करायची गरज नाही. दोन केल्या की एकीत तारीख दुरुस्त होते आणि दुसरीत राहून जाते.

आता खरी पंचाईत. या पानावर १६ पॉइंटात एका ओळीत पाच-सहा शब्द बसतात, ओळी बसतात तेवीसच्या आसपास. मथळे आणि मोकळी जागा वजा केली तर मजकुराला जेमतेम शंभर शब्द उरतात. तुमची आताची सूचना मोजून बघा, तीनशेच्या खाली नसेल. म्हणजे खरं काम मजकूर कापण्याचं आहे, आणि डीटीपीवाल्याला पैसे दिले तरी ते काम सेक्रेटरीलाच करावं लागतं.

सोसायट्यांच्या सूचनेत नेहमी येणारं एक वाक्य घेऊ:

> सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की, दि. ११ जानेवारी २०२६ रोजी झालेल्या कार्यकारिणी समितीच्या मासिक सभेत ठरल्याप्रमाणे सोसायटीच्या ओव्हरहेड व अंडरग्राउंड पाण्याच्या टाक्यांची साफसफाई दि. १४ फेब्रुवारी २०२६ रोजी करण्याचे योजिले असून सदर कालावधीत पाणीपुरवठा बंद राहील, तरी सभासदांनी याची नोंद घेऊन सहकार्य करावे ही नम्र विनंती.

पन्नासच्या घरात शब्द आहेत आणि घरच्या बाईला हवी असलेली एकच गोष्ट त्यात नाही: पाणी किती ते किती बंद? शिवाय पहिली तारीख दिसते ती ११ जानेवारी, जिचं कुणाला काही पडलेलं नाही. घाईत वाचणारा तीच तारीख धरून बसतो. सभेत कधी ठरलं ते इतिवृत्तात असतंच, सूचनेत त्याची गरज नाही. आता हेच असं लिहा:

> शनि. १४ : पाणी बंद
> सकाळी १० ते दुपारी ४.
> दोन्ही टाक्या धुणार आहेत.
> शुक्रवारी रात्रीच भरून ठेवा.

सतरा शब्दांत भागलं, आणि माणसाने काय करायचं तेही सांगून झालं. मी प्रत्येक बाब याच साच्यात बसवते: ठळक ओळीत वार, तारीख आणि गोष्ट; खाली वेळ; मग कारण, तेही एका ओळीत; शेवटी तुम्ही काय करायचं. वार लिहायला विसरू नका. तारखेपेक्षा वार लोकांच्या डोक्यात लवकर बसतो, आणि वार-तारीख जुळली नाही तर चूक तुम्हालाच आधी दिसते. लिहिताना कॅलेंडर समोर ठेवा. या उदाहरणात १५ तारखेला रविवारी महाशिवरात्र आहे. सुट्टी म्हणून कुणी त्या दिवशी टाकी उपसायची ठरवली असती तर उपासाच्या दिवशी सगळ्या मजल्यांवरून बोंब उठली असती.

‘सन्माननीय’ आणि ‘नम्र विनंती’ गेल्यावर चेअरमन थोडे नाराज होतील. आमचे काका झाले होते. त्यांना म्हटलं, शेवटी एकदाच ‘कळावे’ लिहू. त्यावर मिटलं.

क्रम लावताना तारखेच्या मागे जाऊ नका. जे चुकलं तर घरात अडचण होईल ते सगळ्यात वर. व्हॉट्सॲपवर पीडीएफ टाकली की चौकटीत पहिल्या पानाचा वरचा भाग दिसतो आणि बरेच लोक फाइल न उघडता तेवढाच बघून पुढे जातात. तुमच्या सध्याच्या कागदावर त्या जागी काय आहे? सोसायटीचं नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता, जावक क्रमांक आणि गणपतीचं चित्र. म्हणजे फुकट मिळणारी सगळ्यात महागडी जागा लेटरहेडने खाल्ली. सोसायटीचं नाव आणि महिना एका ओळीत, १३ पॉइंटात लिहा, आणि लगेच खाली २४ पॉइंटात ‘शनि. १४ : पाणी बंद’. नोंदणी क्रमांक वगैरे तळाला बारीक चालतो.

फेब्रुवारीचं पूर्ण पान मग असं होईल. आकडे मी उदाहरणापुरते धरले आहेत:

> (सोसायटीचे नाव) · फेब्रुवारी २०२६
>
> शनि. १४ : पाणी बंद
> सकाळी १० ते दुपारी ४.
> दोन्ही टाक्या धुणार आहेत.
> शुक्रवारी रात्रीच भरून ठेवा.
>
> मंगळ. १० पर्यंत : मेंटेनन्स
> दर फ्लॅट ₹ २,२००.
> भरताना फ्लॅट नंबर जरूर लिहा.
>
> रवि. २२ : पार्किंग रंगवणार
> सकाळी ८ च्या आत सगळ्या दुचाकी बाहेर काढा.
> संध्याकाळी ६ नंतर आत लावा.
>
> घंटागाडी
> ओला आणि सुका कचरा वेगळाच द्या.
>
> जानेवारीचा हिशेब
> जमा ₹ ९६,८०० · खर्च ₹ ८१,३५०
> बाकी : ४ फ्लॅट, ₹ ८,८००
> पूर्ण तक्ता ऑफिसात बघायला मिळेल.
>
> अडचण असल्यास : सेक्रेटरी (फोन)
> कळावे. सही/- सेक्रेटरी

हे शंभर शब्दांच्या आत आहे. १० तारीख १४ च्या आधी येते, तरी पाणी वर ठेवलंय, ते मुद्दाम.

हिशेबावर वाद होणार, हे आधीच सांगते. खजिनदारांना वीज, लिफ्ट, वॉचमन, सफाई असा बारा ओळींचा तक्ता पानावर हवा असतो. अरुंद पानावर चार रकान्यांचा तक्ता घातला की अक्षर आठ पॉइंटावर येतं आणि आधीची सगळी मेहनत पाण्यात जाते. तीन आकडे द्या, तक्ता बोर्डावर लावा किंवा वेगळी फाइल करा. थकबाकीदारांची नावं आणि फ्लॅट नंबर मात्र या पानावर मी कधीच घालत नाही. ही फाइल भाडेकरूंकडे, एजंटांकडे, नातेवाइकांच्या ग्रुपवर कुठेही जाते आणि गेलेली परत येत नाही. त्या माणसाला वेगळं पत्र द्या.

आणखी एक फरक ध्यानात ठेवा. हे पान माहितीसाठी आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस वेगळी असते. आदर्श उपविधींप्रमाणे ती पूर्ण १४ दिवस आधी आणि विषयपत्रिकेसह द्यावी लागते. ती या पानाच्या कोपऱ्यात एका ओळीत उरकू नका. इथे फक्त तारीख सांगा आणि ‘नोटीस वेगळी दिली आहे’ असं लिहा.

आता टायपिंग. फॉन्ट युनिकोडच हवा. मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी घ्या, दोन्ही फुकट मिळतात. त्यांच्या रेघा फार बारीक नाहीत, त्यामुळे पडद्यावर अक्षर फाटत नाही. जुन्या डीटीपी फॉन्टात टाइप केलेली फाइल दिसायला ठीक दिसते, पण त्यातला मजकूर मोबाइलवर कॉपी केला की भलतीच इंग्रजी अक्षरं येतात, आणि शोधायला गेलं तर ‘पाणी’ सापडत नाही.

वर्डमध्ये एक खोड आहे. `Font` ची पूर्ण खिडकी उघडलीत तर दोन कप्पे दिसतील: `Latin text` आणि `Complex scripts`. देवनागरी दुसऱ्या कप्प्यात मोडते. फक्त वरच्या कप्प्यात १६ टाकलं तर इंग्रजी मोठं होतं आणि मराठी जिथल्या तिथे राहतं. दोन्हीकडे फॉन्ट आणि माप सारखं ठेवा.

ओळींमधल्या अंतरावर मात्र जरा थांबूया, कारण तिथे मी स्वतः तोंडघशी पडले आहे. मराठीत अक्षराच्या वर रफार, अनुस्वार, वेलांटी आणि खाली उकार, जोडाक्षरं. इंग्रजीच्या हिशेबाने ओळी जवळ आणल्या की यांच्या डोक्यांना धक्का लागतो. एकदा मजकूर बसेना म्हणून मी `Line spacing` मध्ये `Exactly` निवडून १६ पॉइंटाच्या अक्षराला १७ पॉइंटच अंतर दिलं. वर्ड अशा वेळी वरचा भाग सरळ छाटून टाकतं. पीडीएफमध्ये ‘पाणी बंद’चं ‘पाणी बद’ झालं आणि ‘वर्गणी’चं ‘वगणी’. माझ्या डोळ्यांना कळलंच नाही, कारण मजकूर मला पाठ होता. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी ग्रुपवर विचारलं, “वगणी म्हणजे कोणती गं नवीन?” तेव्हापासून १६ पॉइंटाला २४ पॉइंट अंतर, त्याखाली जात नाही.

पीडीएफ करताना `Save As` मधून पीडीएफ प्रकार निवडा. `Microsoft Print to PDF` वापरलंत तर लिंक मरतात, आणि आपल्याला एक लिंक हवी आहे. फोन नंबर सिलेक्ट करून `Insert → Link` मध्ये पत्त्याच्या जागी हे लिहा, शून्यांच्या जागी तुमचा नंबर:

```
tel:+910000000000
```

मग बहुतेक मोबाइलवर नंबराला बोट लावलं की डायल होतो. पानावर दिसणारा नंबर मराठी अंकांत असला तरी लिंकमध्ये इंग्रजी अंकच हवेत.

पैसे भरायचा क्यूआर कोड मी पानावर टाकत नाही. ज्या फोनवर तो दिसतोय, त्याच फोनच्या कॅमेऱ्याने तो स्कॅन कसा करणार? स्क्रीनशॉट काढून ॲपमध्ये उघडता येतो, पण आमच्याकडच्या आज्यांना ते सांगत बसण्यात महिना जातो. बोर्डावर क्यूआर लावा आणि यूपीआय आयडी फाइलसोबतच्या मेसेजमध्ये अक्षरांत लिहा, म्हणजे दाबून धरलं की कॉपी होतो. त्याच मेसेजमध्ये तिन्ही तारखा तीन ओळींत पुन्हा लिहा. ज्यांनी फोनचं अक्षर मोठं केलंय त्यांना त्या मोठ्या दिसतात, आणि सहा महिन्यांनी ‘टाकी’ शोधलं तर हाच मेसेज वर येतो.

सही-शिक्क्याचा प्रश्न उरला. स्कॅन केलेलं पान म्हणजे फोटो. तो तिरका असतो, त्यावर ट्यूबलाइटची सावली असते, शिक्क्याची जांभळी शाई नेमकी तारखेवर आलेली असते, आणि पीडीएफ म्हटलं तरी त्यात एकही अक्षर अक्षर म्हणून नसतं. सरकारी परिपत्रकांच्या प्रतींवर असतं तसं ‘सही/-’ लिहा, खाली पद. खऱ्या सहीची प्रत बोर्डावर आणि सोसायटीच्या फाइलला. कुणी हरकत घेतली तर ती दाखवता येते. स्कॅन दोन-चार एमबीचा होतो, तर ही अक्षरांची फाइल शे-दोनशे केबीत आटपते, त्यामुळे तळघराच्या पार्किंगमध्ये रेंज अर्धी असली तरी उघडते.

फाइलचं नाव `2026-02-suchana.pdf` असं ठेवा. ‘नोटीस फायनल नवी २’ या नावाची फाइल मार्चमध्ये कुणालाच सापडत नाही, तुम्हालाही नाही.

ग्रुपवर टाकण्याआधी स्वतःला पाठवा. चौकटीखाली पानांची संख्या दिसते, तिथे एकच पान आहे ना ते बघा. वर्डमध्ये शेवटी एखादा रिकामा एंटर राहिला की दुसरं कोरं पान तयार होतं, आणि लोक ते ‘पुढे काहीतरी आलंच नाही’ म्हणून कळवतात. मग रफार असलेला एक शब्द, अनुस्वार असलेला एक आणि ‘दुसऱ्या’सारखा एक, असे तीन शब्द डोळ्यांजवळ धरून वाचा.

शेवटी तुमच्या इमारतीतल्या सगळ्यात वयस्कर बाईंच्या फोनवर पाठवा आणि विचारा, “आजी, पाणी कधी जाणार?” त्या वाचत असताना उत्तराकडे कान देऊ नका, त्यांच्या हातांकडे बघा. दोन बोटं पडद्यावर गेली तर कोणत्या ओळीला गेली ते बघून ठेवा आणि त्या ओळीतले दोन शब्द काढा.